कथा: तार तुटली (लॅबवाल्यांनी चुका काढाव्यात, हात राखू नये)

रानवारा
मंडळी, एका लहान आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनवर कथा लिहिली आहे. मी स्वतः लॅबमधला नाही, एका ओळखीच्या ताईंना विचारून विचारून लिहिली. दोन प्रश्न आहेत. शैला जे करते ते पटतं का? आणि शेवट अर्धवट वाटतो का?

*तार तुटली*

दुपारी तीनला वादळात तार तुटली. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली. सकाळी घेतलेल्या रक्ताच्या नळ्या स्टँडमध्ये तशाच उभ्या होत्या, सेंट्रिफ्यूजमध्ये लावायच्या राहिल्या होत्या.

शैलाने आधी फ्रीजच्या दारावर आडवी चिकटपट्टी मारली. थर्मामीटरचा आकडा बाहेर दिसत होता: ४. आत हात घालायची गरज नव्हती.

"मोठ्या लॅबची गाडी येत नाही," शिपाई सांगत आला. "रस्त्यात झाड पडलंय. वायरमन म्हणतो उद्या संध्याकाळपर्यंत विसरा."

ती फार्मासिस्टकडे गेली. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "शैलाताई, लसीच्या आयएलआर फ्रीजमध्ये जागा मागू नका. लसीशेजारी दुसरं काही सापडलं तर मला जाब द्यावा लागतो."

"जागा नको. चार आइसपॅक आणि एखादा जुना कॅरिअर द्या."

झाकणाचा पट्टा तुटलेला एक कॅरिअर मिळाला. आत जेमतेम दीड-दोन लिटरची जागा. आइसपॅकवर पांढरं बर्फ चढलेलं होतं. तिने ते चारही टेबलावर मांडले आणि नळ्यांकडे वळली.

करड्या टोपणाच्या नळ्या साखरेच्या, जांभळ्या सीबीसीच्या. त्यांची तिला घाई नव्हती. जांभळ्यांमधून तिने काचपट्ट्यांवर फिल्म ओढून वाळत ठेवल्या. लाल टोपणाच्या पाच होत्या. त्यातली एक किडनीच्या पेशंटची होती. डॉक्टरांनी पोटॅशियम सांगितलं होतं, त्यावर औषधाचा डोस ठरायचा होता.

रक्त गोठून गाठ आक्रसली होती, वर पिवळसर सीरम सुटलं होतं. तिने खिडकीच्या उजेडात नळी धरली, रबरी बल्ब दाबून मग पिपेट आत सोडली, आणि टोक गाठीला लागणार नाही इतपतच खाली नेऊन हळूहळू सीरम ओढलं. दुसऱ्या छोट्या नळीत सोडलं. तळाशी लाल रेघ जमली. पंधरा मिनिटं थांबून वरचं सीरम तिसऱ्या नळीत घेतलं. पाचांचं असं करता करता अंधारून आलं. एकाचं सीरम गुलाबी निघालं. त्या नळीवर तिने पेनने लिहिलं: हिमोलाइज्ड, पोटॅशियम करू नये. किडनीवाल्याचं स्वच्छ होतं.

साडेसातला फ्रीजचा आकडा ७ झाला. तिने एक आइसपॅक कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. चारही कॅरिअरच्या भिंतींना लावले, चिकटपट्टी काढली आणि ठरवून ठेवलेल्या बाटल्या एका दमात बाहेर घेतल्या. ब्लड ग्रुपच्या अँटिसेराच्या तीन कुप्या, साखरेचं रीएजंट, एसजीपीटीचं, कंट्रोल सीरम, आणि सीरमच्या नळ्या. टायफॉइडच्या विडाल टेस्टचा डबा मावेना. तो फ्रीजमध्येच राहिला. रॅपिड किटवर ३० डिग्रीपर्यंत चालेल असं छापलं होतं, ती खोक्यासकट फरशीवर, भिंतीच्या कडेला गेली.

रात्री अकराला एक बाळंतीण आली. रक्तस्राव होत होता, पुढे पाठवायची होती. रुग्णवाहिका पडलेल्या झाडाच्या पलीकडे उभी होती, तिथपर्यंत ट्रॅक्टर. "ग्रुप करून द्या, तिकडे वेळ वाचेल," डॉक्टर म्हणाले.

शैलाने कुप्या काढल्या. आधी स्वतःच्या बोटाला टोचलं, ती बी पॉझिटिव्ह. मग वॉचमनच्या बोटाला, तो ए. टॉर्चच्या उजेडात रक्ताचे दाणे जिथे पडायचे तिथेच पडले. मग बाईचं रक्त. ओ पॉझिटिव्ह. चिठ्ठीवर ग्रुप, वेळ आणि खाली एक ओळ: वीज नाही, अँटिसेरा तपासून वापरले. कुप्या परत आत, झाकण बंद, पट्टा नव्हता म्हणून वर तिची वही.

सकाळी सातला फार्मासिस्टने न विचारता दोन आइसपॅक आणून दिले.

वीज दुसऱ्या दिवशी रात्री नऊला आली. तिने सगळे प्लग आधीच काढून ठेवले होते. दिवे दोनदा मंदावून स्थिर झाले तसा फ्रीज लावला. कॅरिअरमधल्या थर्मामीटरने रात्रभराचा हिशोब दाखवला: सर्वांत कमी २.८, सर्वांत जास्त १०.६.

तिने नोंदवहीत दोन्ही आकडे लिहिले. पुढचा रकाना होता: "रीएजंट वापरास योग्य – होय / नाही." पेन उघडून ती थोडा वेळ बसली. मग तो रकाना मोकळा सोडून तिने कंट्रोल सीरमची बाटली खोलीच्या तापमानाला यायला बाहेर काढून ठेवली.

---

चकवा
मस्त. पण नायिकेने तीस तासांत एकदाही चहा घेतला नाही, इथेच कथा अविश्वसनीय झाली.

दिलीप_का
कथा चांगली, पण एक मोठी गोची आहे. रक्ताचे नमुने आधी बर्फात जायला हवेत. ही बाई आइसपॅक टेबलावर वितळवत ठेवते आणि नळ्या उघड्यावर! रक्त नासतं हो. ब्लड बँकेत रक्त चार डिग्रीलाच ठेवतात ना? आधी नळ्या कॅरिअरमध्ये, मग बाकीचं.

पायवाट
आमच्याकडेही परवा दिवसभर लाइट नव्हते. आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. टाकून द्यावं का? कुणी सांगेल का प्लीज.

सूक्ष्मदर्शी
एकवीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

दिलीपकाका, ब्लड बँकेचं तुमचं बरोबर आहे, पण तेच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. पिशवीतलं रक्त थंडीत टिकतं, आणि टिकता टिकता त्यातलं पोटॅशियम पेशींतून बाहेर पाझरत राहतं. म्हणूनच जुनी पिशवी नवजात बाळाला किंवा किडनीच्या रुग्णाला भराभर द्यायची असेल तर डॉक्टर तिचं वय विचारतात. पोटॅशियम पेशीच्या आत कोंडून ठेवायला पेशीला सतत पंप चालवावा लागतो आणि थंडीत तो पंप मंदावतो. शैलाने ती लाल नळी न वेगळी करता आइसपॅकला टेकवली असती, तर दुसऱ्या दिवशी पोटॅशियम खोटंच चढलेलं आलं असतं. त्यातली खरी वाईट गोष्ट म्हणजे सीरम लाल होत नाही. पेशी फुटल्या तर रंग ओरडून सांगतो. पाझरलं तर काहीच दिसत नाही. रिपोर्ट छापून जातो आणि डॉक्टर औषध बदलून मोकळे.

साखरेचं याच्या अगदी उलट. नळीतल्या पेशी साखर खातात, साध्या नळीत आणि खोलीच्या तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्के. तिथे थंडी फायद्याची. म्हणजे एकाच नळीला साखरेसाठी थंडी हवी आणि पोटॅशियमसाठी नको. दोन्हीला चालणारा उपाय एकच, सीरम पेशींपासून लवकर वेगळं करणं. ते एकदा वेगळं झालं की खुशाल थंडीत ठेवा. शैलाने नेमकं हेच केलं आहे, आणि रानवारा, तुम्ही ते एका शब्दानेही समजावून सांगितलं नाहीत हे मला फार आवडलं.

करड्या नळीत फ्लोराइड असतं म्हणून तिला घाई नाही, हेही बरोबर. फ्लोराइडचा अंमल पुरता बसायला तास-दोन तास लागतात आणि तेवढ्यात साखर थोडी उतरते, पण पुढे ती तशीच राहते.

नीरजा_का_म्हणे
@सूक्ष्मदर्शी, मग दिलीपकाकांनी म्हटलं तसं थंडीत ठेवायचंच नाही का काही? मी एका कॅम्पला मदतीला होते, तिथे सगळ्या नळ्या सरसकट बर्फाच्या डब्यात टाकत होते.

सूक्ष्मदर्शी
सरसकट, हेच तर चुकतं. लघवी कल्चरला जायची असेल आणि दोन तासांत पोचणार नसेल तर थंडीत ठेवा, नाहीतर वाटेत जंतू वाढतात आणि नसलेला आजार दिसतो. पाठीच्या कण्यातलं पाणी कल्चरसाठी असेल तर थंडीत अजिबात नको, मेंदूज्वराचे काही जंतू तिथेच मरतात. सीबीसीची जांभळी नळी एक दिवस बाहेर राहिली तरी आकडे बहुतेक जमतात, पण पेशींचं रूप बिघडतं. म्हणून शैलाने फिल्म ओढून ठेवल्या. मलेरियाचे परजीवीही त्या नळीत तासागणिक रूप बदलतात. वाळलेल्या काचेला मग विजेशी देणंघेणं नाही.

फार्मसीतला_एक
मी त्या कथेतला फार्मासिस्ट. म्हणजे तो नव्हे, पण तोच.

आइसपॅक वितळवण्याबद्दल सांगतो, कारण लोकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे वीसच्या आसपास असतो. तो थेट बाटलीला टेकला की बाटलीतलं गोठतं. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की तो शून्यावर आला असं समजायचं. बर्फ असेपर्यंत तो मग शून्यावरच राहतो. कितीतरी लसी उन्हापेक्षा गोठून जास्त मरतात आणि गोठून वितळलेली कुपी वरून बघून कळेलच असं नाही. रीएजंटचंही तसंच असावं.

आता माझी तक्रार. कॅरिअर हे लसीचं सामान आहे. त्यात रुग्णांचं सीरम ठेवलं, एखादी नळी सांडली, आणि तोच कॅरिअर पुढच्या सत्राला गेला तर? जुना असला म्हणून काय झालं? मी असतो तर आइसपॅक दिले असते, कॅरिअर दिला नसता. तिने थर्माकोलचा खोका घ्यायचा होता. किट येतात त्याच खोक्यातून, लॅबमध्ये त्यांची चळत असते.

चकवा
फार्मासिस्ट लोक कथेतसुद्धा चावी सोडत नाहीत.

फार्मसीतला_एक
@चकवा सोडली की हरवते. अनुभव आहे.

रानवारा
@फार्मसीतला_एक, त्या कॅरिअरचा पट्टा तुटलेला दाखवला तो त्यासाठीच, तो लसीतून बाद झालेला आहे असं मनात होतं. पण ते वाचकापर्यंत पोचत नसेल तर एक वाक्य घालतो. तो कॅरिअर परत फार्मसीत जाणार नाही, हे फार्मासिस्टच्याच तोंडी.

मृण्मयी_ज
कॅरिअर, थर्माकोल, सगळं ठीक, पण माठ कुणाच्या लक्षात कसा आला नाही? दोन मडकी, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. विजेशिवाय थंडावा. आमच्या आजोळी भाज्या आठवडा-आठवडा टिकायच्या.

सूक्ष्मदर्शी
मृण्मयीताई, अर्धं मान्य. माठाची थंडी पाणी उडण्यावर असते. कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली मिळते, पण तेव्हाही २ ते ८ डिग्री गाठणं माठाला जमत नाही. आणि कथेत वादळ-पाऊस आहे. हवाच ओलीचिंब, पाणी उडणार कुठे? मात्र ३० डिग्रीच्या आत ठेवायची किट कडक उन्हाळ्यात सांभाळायला माठ खरंच कामाचा, फक्त ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. किटच्या पाकिटात ओल शिरली की ती उष्णतेपेक्षा लवकर बाद होतात.

पायवाट
इन्सुलिनचं कुणी सांगितलं नाही :(

फार्मसीतला_एक
@पायवाट, एक दिवसाने टाकून द्यायची गरज नसते. वापरात असलेली बाटली किंवा पेन खोलीच्या तापमानाला बहुतेक चार आठवडे चालतं, नेमकी मुदत आणि तापमान सोबतच्या कागदावर बघा. न उघडलेली बाटली दिवसभर बाहेरच्या तापमानाला राहिली असेल तर तीच मुदत तिला लावा आणि आधी ती संपवा. उन्हात किंवा गाडीत तापली असेल तर मात्र नको. आणि लाइट नाहीत म्हणून कुणी ती बर्फात खुपसली असेल, गोठली असेल, तर टाकाच.

पायवाट
बर्फात नाही ठेवली. धन्यवाद! आता कथा वाचते.

विहंग
लॅबमध्येच आहे, पण सूक्ष्मदर्शींइतका जुना नाही. मला साडेसातपर्यंत थांबणं पटलं नाही. वीज जाताच रीएजंट कॅरिअरमध्ये हलवायला हवी होती. ७ पर्यंत वाट बघणं म्हणजे उगाच जोखीम.

सूक्ष्मदर्शी
विहंग, वाद घालण्यासारखा मुद्दा आहे. माझं गणित असं. बंद फ्रीज साधारण चार तास स्वतःची थंडी धरून ठेवतो, ती फुकटची आहे. आइसपॅकमधला बर्फ मोजका. तो तीन वाजताच कामाला लावला तर पहाटे संपणार, आणि पहाटे फार्मासिस्ट झोपलेला. शिवाय पॅक तेव्हा गोठून दगड झालेले होते, ते शून्यावर यायला वेळ लागणारच होता. शैलाने फ्रीजची थंडी आधी खर्च केली आणि बर्फ मागे राखला. हे जमतं ते बाहेरून आकडा दिसत असेल तरच. दार उघडून थर्मामीटर बघणाऱ्याने मात्र तुझंच ऐकावं.

विहंग
ठीक. पण विडाल फ्रीजमध्ये सोडलं ते?

सूक्ष्मदर्शी
जागा नव्हती. रात्री विडाल कोण मागणार आहे? ब्लड ग्रुप मागतात, आणि मागितला.

विहंग
म्हणजे तुम्हाला विडाल आवडत नाही एवढंच. :) आमच्याकडे दिवसाला सगळ्यात जास्त विडालच सांगतात.

सूक्ष्मदर्शी
सांगतात, हीच तर रड आहे. तो वेगळा धागा काढ.

निशिगंधा
ग्रुपच्या प्रसंगावर बोलू का? मी रक्तपेढीत होते. स्वतःच्या आणि वॉचमनच्या रक्तावर अँटिसेरा तपासणं छान सुचलं आहे, कितीतरी टेक्निशियन हेच करतात. शैला बी, तिच्यावर अँटि-बी तपासलं. वॉचमन ए, त्याच्यावर अँटि-ए. नुसतं स्वतःचं रक्त घेतलं असतं तर अँटि-ए न तपासताच राहिलं असतं. आणि बाई ओ निघाली, म्हणजे दोन्हीकडे दाणे *न* पडणं हाच निकाल. अँटिसेरा मेलेले असते तर ए किंवा बी बाईसुद्धा ओ दिसली असती. म्हणून ती दोन बोटं टोचणं हा या कथेचा कणा आहे. पुढे रक्त देताना तिथली पेढी ग्रुप पुन्हा करून, रक्त जुळवूनच देईल, ते वेगळं.

पण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या अँटि-डीच्या बाबतीत एक बोट कमी पडलं. तिथे एखादा निगेटिव्ह माणूसही लागतो, म्हणजे उगाचच दाणे पडत नाहीत ना हे कळतं.

विहंग
उष्णतेने अँटि-डी कमजोर होतं, उगाच दाणे नाही पाडत. शिवाय बाईच्या ए आणि बीच्या थेंबांत दाणे नव्हतेच, म्हणजे तिच्या पेशी आपोआप गोळा होत नव्हत्या. निगेटिव्ह माणूस रात्री अकराला कुठून आणायचा?

निशिगंधा
उष्णतेने नाही, पण कुपीत जंतू वाढले तर भलतंसलतं दिसू शकतं. माणूस कुठून आणायचा याला उत्तर नाही, मान्य. चिठ्ठीवरच्या ओळीत "निगेटिव्ह कंट्रोल नाही" एवढे तीन शब्द जोडले असते तर बास.

दिलीप_का
पोटॅशियमचं वाचलं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग शेवटी ती रीएजंट टाकायची की नाही? १०.६ झालं म्हणजे नियम मोडलाच की.

विहंग
टाकायची. बाटलीवर २ ते ८ लिहिलंय. उद्या रिपोर्ट चुकला तर कंपनी हात वर करणार.

सूक्ष्मदर्शी
आणि पुढची बाटली यायला महिना लागला तर? महिनाभर साखर तपासायचीच नाही?

थोडा वेळ दहा डिग्रीला गेल्याने बहुतेक रीएजंट मरत नाहीत, पण "बहुतेक" नोंदवहीत लिहिता येत नाही. म्हणून ती बाटलीलाच विचारते. साखरेचं रीएजंट बिघडलं की आपोआप गुलाबी पडायला लागतं, नमुना न घालताच. पांढऱ्या कागदासमोर धरलं तरी अंदाज येतो, मशीनवर ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचा आकडा, चढलेला दिसतो. एसजीपीटीचं उलटं आहे. त्यातला जो घटक ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो तोच झिजतो, म्हणून ब्लँक *उतरतो*, आणि डोळ्याला काहीच कळत नाही. किती उतरला तर फेकायचं ते किटच्या कागदावर असतं. त्यानंतर ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते कंट्रोल सीरम लावायचं, शक्यतो दोन पातळ्यांचं, आणि आकडा हद्दीत आला तरच पेशंट.

निशिगंधा
आणि ते कंट्रोल सीरमही त्याच कॅरिअरमध्ये होतं ना? त्यालाही १०.६ लागलं. चुकीचा आकडा आला तर दोष कुणाचा, रीएजंटचा की कंट्रोलचा?

सूक्ष्मदर्शी
बरोबर पकडलंत. आकडा हद्दीत आला तर दोन्ही ठीक, कारण दोघं नेमके एकमेकांना झाकतील इतके बिघडणं अवघड. बाहेर आला तर मात्र शैला अडकली. मग दुसऱ्या केंद्रातून कंट्रोलची बाटली मागवा, नाहीतर एकच नमुना दोन्हीकडे करून बघा.

विहंग
तरीही मी टाकली असती.

रानवारा
सगळ्यांचे आभार. मोकळा रकाना ठेवतो आहे, इथेच तीन जणांची तीन मतं झाली. निशिगंधा, तुमचे तीन शब्द चिठ्ठीत घेतो. आणि कंट्रोलची शंका शैलाला यावी का? म्हणजे बाटली बाहेर काढताना तिने हात आखडावा असं वाटतंय, पण ओळखीच्या ताई म्हणतात दमलेला माणूस एवढा विचार करत नाही.

निशिगंधा
करतो. दमलेलाच करतो, झोप येत नाही म्हणून.

चकवा
चहा घाला हो त्या बाईला आधी.